सबटायटलची एसआरटी फाइल आहे, त्यावरून डॉक्युमेंटरीचं मराठी डबिंग करायचंय: टायमिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्युमेंटरीच्या मराठी डबिंगसाठी स्क्रिप्ट तयार करायचं काम करते, आणि दर वेळी नवीन माणूस टीममध्ये आला की तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतेय. यातलं बरंचसं मुलाखतींबद्दल आहे, कारण डॉक्युमेंटरीत सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

मराठी सबटायटल तयार आहेत, टायमिंगसकट. मग तेच आर्टिस्टला वाचायला का देऊ नये?

कारण सबटायटलचा टाइम हा वाचायचा टाइम असतो, बोलायचा नाही. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचं सगळं सोपं जातं.

सबटायटल करणारा माणूस प्रेक्षकाच्या डोळ्यांचा विचार करत असतो. ओळ वाचून व्हायला हवी म्हणून माणूस बोलायचा थांबला तरी तो ती अर्धा सेकंद, कधी एक सेकंद जास्त ठेवतो. शॉट बदलतो तिथे ओळ बदलली तर डोळ्यांना खटकत नाही, म्हणून तो क्यूची, म्हणजे एका वेळी पडद्यावर येणाऱ्या मजकुराची, सुरुवात किंवा शेवट कटवर नेऊन बसवतो, मग आवाज त्याच्या थोडा आधी असो की नंतर. दोन छोटी वाक्यं असतील तर एकाच क्यूमध्ये टाकतो, मधला पॉज गिळून टाकतो. दोन क्यूंमध्ये दोनच फ्रेमची फट ठेवतो, त्यामुळे फाइल बघितली तर वाटतं की माणूस न थांबता बोलतोय, आणि प्रत्यक्षात तो मध्ये वळून बघतो, श्वास घेतो, बोटाने काहीतरी दाखवतो.

हे सगळं सबटायटलसाठी एकदम बरोबर आहे, त्यात सबटायटलवाल्याची काही चूक नाही. पण त्याच इन आणि आउटवर आर्टिस्टला बोलायला लावलं तर मराठी आवाज ओठ बंद झाल्यावरही चालू राहतो, किंवा पॉजमध्ये घुसतो. म्हणून पहिलं काम भाषेचं नाहीच, पहिलं काम म्हणजे प्रत्येक वाक्याचा खरा आवाज कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते पुन्हा मार्क करणं.

त्याआधी काही चेक करायला लागतं का? माझी फाइल सुरुवातीला बरोबर आहे पण शेवटी सरकलेली वाटते.

हो, हे सगळ्यात आधी चेक करायचं, नाहीतर नंतरची सगळी मेहनत पाण्यात जाते. माझ्या एका सुरुवातीच्या कामात आम्ही जवळपास निम्मा एपिसोड मार्क केला आणि मग कळलं की सबटायटल एका फ्रेमरेटच्या कॉपीवरून बनलेत आणि आमच्याकडचा व्हिडिओ दुसऱ्याच फ्रेमरेटचा आहे, सगळं परत करावं लागलं.

तीन ठिकाणी बघायचं: पहिला संवाद, साधारण मधला एखादा, आणि शेवटचा. प्रत्येक ठिकाणी आवाज कधी सुरू होतो आणि क्यू कधी सुरू होतो यातला फरक लिहून काढायचा. तिन्हीकडे फरक सारखाच असेल, समजा सगळीकडे दोन सेकंद, तर फक्त ऑफसेट आहे, सगळी फाइल दोन सेकंद सरकवली की काम झालं. सुरुवातीला शून्य आणि पुढे वाढत जात असेल तर फ्रेमरेटचा ड्रिफ्ट आहे. एका तासाला साधारण ३.६ सेकंदांचा फरक पडत असेल तर बहुतेक २४ आणि २३.९७६ चा घोळ असतो. २४ चा व्हिडिओ २५ ने चालवलेला असेल तर फरक लपतच नाही, ६० मिनिटांची फिल्म ५७ मिनिटं ३६ सेकंदांत संपते. सबटायटल एडिट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये Change frame rate नावाचा ऑप्शन आहे, त्यात जुना आणि नवीन रेट टाकला की सगळे टाइम त्या प्रमाणात बदलतात. व्हिडिओचा खरा रेट काय ते अंदाजाने ठरवू नका, हे चालवा:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate -of csv=p=0 doc.mp4
```

`25/1` आलं तर २५, आणि `24000/1001` आलं तर २३.९७६.

तिसरी शक्यता म्हणजे फरक हळूहळू वाढत नाही, एका जागी एकदम उडी मारतो आणि तिथून पुढे तेवढाच राहतो. त्याचा अर्थ फिल्मचं एडिटच वेगळं आहे, मध्ये एखादा सीन कापलाय किंवा घातलाय. यावर रेट बदलून काही होत नाही, उडी जिथे आहे तिथून पुढच्या क्यूंना वेगळा ऑफसेट द्यावा लागतो, आणि डबिंग फायनल एडिटवरच होणार आहे ना हे लेखी विचारून घ्या, कारण लॉक न झालेल्या पिक्चरवर टायमिंग करण्यात काही अर्थ नाही.

अजून एक छोटी पण त्रासदायक गोष्ट. एसआरटीत शेवटचे तीन आकडे मिलिसेकंद असतात आणि स्टुडिओच्या टाइमकोडमध्ये शेवटचे दोन आकडे फ्रेम असतात. २५ फ्रेमच्या व्हिडिओत `00:12:04,120` म्हणजे `00:12:04:03`, कारण एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. कोणीतरी १२० मधला शून्य काढून टाकतो आणि बारा फ्रेम लिहून मोकळा होतो. शिवाय स्टुडिओचा मास्टर बऱ्याचदा शून्यापासून सुरू न होता `01:00:00:00` पासून सुरू होतो, तेही आधी विचारून घ्या.

खरा इन आणि आउट मार्क करायचा कसा?

कुठलंही वेव्हफॉर्म दिसणारं सॉफ्टवेअर चालतं, सबटायटल एडिट, एजिसब, तुम्हाला हात बसलाय ते घ्या. व्हिडिओ सोबत दिसला पाहिजे मात्र, नुसत्या आवाजावर करू नका.

इन म्हणजे पहिल्या अक्षराचा पहिला आवाज. त्याच्या आधीचा श्वास त्यात धरायचा नाही पण नोंदवून ठेवायचा, कारण आर्टिस्ट तिथेच श्वास घेतो आणि ते खूप नैसर्गिक वाटतं. आउट म्हणजे शेवटच्या अक्षराचा आवाज विरतो तिथे, पुढची शांतता नाही. आणि वाक्याच्या आत अर्ध्या सेकंदाच्या आसपास किंवा जास्त पॉज असेल तर वाक्य तिथे तोडायचं, दोन तुकडे करायचे, प्रत्येकाला वेगळा इन-आउट. त्याहून छोटा पॉज असेल तर मजकुरात तिरकी रेघ टाकली तरी पुरते.

आउटडोअर शूट असेल तर वेव्हफॉर्म फसवतं. वारा, पाणी, इंजिन यांचा आवाज बोलण्याइतकाच जाड दिसतो आणि वाटतं माणूस बोलतोच आहे. अशा वेळी स्पेक्ट्रोग्राम लावा, त्यात स्वरांचे एकावर एक आडवे पट्टे दिसतात, वाऱ्याचे तसे दिसत नाहीत, तो खाली पसरलेला धुरकट डाग दिसतो. आणि शंका आली तर हेडफोन लावून कानावर विश्वास ठेवा.

हे काम वेळखाऊ आहे पण हे टाळून पुढे गेलेला एकही प्रोजेक्ट मी नीट पार पडलेला बघितला नाही.

मुलाखतीत मूळ आवाज खाली ठेवतात आणि वर मराठी येतं. मग एवढं अचूक टायमिंग कशाला हवं?

लिप सिंकइतकं नको, पण प्रेक्षकाला वाटतं त्यापेक्षा जास्त हवं. या पद्धतीत मूळ माणूस आधी एक-दोन सेकंद पूर्ण आवाजात ऐकू येतो, मग त्याचा आवाज खाली जातो आणि मराठी सुरू होतं, आणि मराठी मूळ आवाजाच्या किंचित आधी किंवा त्याच्यासोबत संपतं. म्हणजे गणित बघा, मूळ माणसाला जेवढा वेळ मिळाला त्याहून मराठीला एक-दीड सेकंद कमीच मिळतो. लोक म्हणतात व्हॉइसओव्हर सोपं, मोकळीक असते, पण छोट्या वाक्यांना ही पद्धत जास्त कडक आहे.

मराठी उशिरा संपलं तर काय होतं, समोरचा माणूस गप्प बसलाय, कॅमेऱ्याकडे बघतोय आणि त्याच्या तोंडून अजून मराठी येतंय. हे लगेच खटकतं. फार लवकर संपलं तर उलटा प्रॉब्लेम, मूळ भाषेतली तीन-चार वाक्यं उघडी पडतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी भाषांतर करायचं राहून गेलं.

एखादं उदाहरण पूर्ण करून दाखवा ना.

दाखवते. समजा हिमनद्यांवरची डॉक्युमेंटरी आहे, एक संशोधक बाई बर्फाच्या काठावर उभी राहून बोलतेय, मुलाखत, वर मराठी आवाज येणार. सबटायटल असे आहेत:

```
41
00:12:04,120 --> 00:12:08,920
आम्ही इथे पहिल्यांदा आलो
तेव्हा बर्फ त्या खडकापर्यंत होता.

42
00:12:09,000 --> 00:12:11,640
आता तो जवळजवळ 1.5 किमी
मागे सरकला आहे.
```

आता मी शब्द मोजत नाही, लिहिलेली अक्षरंही मोजत नाही, मी बोललेले तुकडे मोजते. मराठीत लिहितो एक आणि बोलतो थोडं कमी, "खडकापर्यंत" लिहिताना सहा अक्षरं पण बोलताना खड्-का-पर्-यंत असे चार तुकडे. "बर्फ" हा एकच. मुलाखतीच्या शांत आवाजात माझे आर्टिस्ट सेकंदाला साधारण साडेपाच तुकडे आरामात बोलतात, सातच्या पुढे गेलं की घाई ऐकू येते. तुमच्या आर्टिस्टचा आकडा वेगळा असू शकतो, एक पान वाचायला लावून घड्याळ लावा आणि मोजा, दहा मिनिटांचं काम आहे.

पहिल्या क्यूमध्ये वीस तुकडे आहेत आणि ४.८० सेकंद आहेत, म्हणजे सेकंदाला चारच्या थोडं वर, एकदम आरामात. दुसऱ्यात एकोणीस तुकडे (१.५ चं "दीड" आणि किमीचं "किलोमीटर" करून) आणि २.६४ सेकंद, म्हणजे सातच्या थोडं वर, घाई होईल पण जमेल असं वाटतं. फाइल बघून कोणीही म्हणेल ठीक आहे, पाठवा रेकॉर्डिंगला.

आता खरा आवाज मार्क केला तर असं निघतं. बाई १२:०४.३० ला सुरू करते आणि १२:०६.१० ला "आलो" म्हणून थांबते, वळते, हात वर करते. १२:०६.८० ते १२:०८.४० मध्ये बर्फ त्या खडकापर्यंत असल्याचं बोलते, आणि १२:०७ ला कट होऊन आपल्याला तो खडक दिसतो. मग एक सेकंदाहून जास्त शांतता. १२:०९ ला कट, परत तिचा चेहरा, सबटायटलवाल्याने दुसरा क्यू या कटवर सुरू केलाय. पण ती बोलते १२:०९.५० ला आणि १२:१०.९० ला संपवते. म्हणजे दुसऱ्या वाक्याला खरा वेळ १.४० सेकंद आहे, आणि आपल्याकडे एकोणीस तुकडे, म्हणजे सेकंदाला तेरा-चौदा. कोणीच बोलू शकत नाही.

आणि मराठी तिच्यासोबत लगेच सुरू होत नाहीये, एक सेकंद उशिरा, १२:०५.३० ला. तिथून १२:१०.९० पर्यंत एकूण ५.६० सेकंद, त्यातला साधारण अर्धा सेकंद पॉजला ठेवायचाच, म्हणजे बोलायला ५.१०. साडेपाचच्या हिशोबाने अठ्ठावीस तुकडे बसतात, आपल्याकडे एकोणचाळीस आहेत. म्हणजे अकरा तुकडे कमी करायचे, आणि अर्थ एकही कमी करायचा नाही.

पहिल्या वाक्यातून "आम्ही" काढलं. बोलणारी बाई आहे, ती एकटी असती तर "आले" म्हणाली असती, "आलो" म्हटल्यावर आम्ही आलंच त्यात, हे आपल्या भाषेत फुकट मिळतं. "इथे" काढलं, ती तिथे उभीच आहे. "खडकापर्यंत" चं "खडकाशी" केलं. झालं: "पहिल्यांदा आलो तेव्हा बर्फ त्या खडकाशी होता." पंधरा तुकडे.

दुसऱ्यात "तो" काढला, "सरकला आहे" चं "गेलाय" केलं. "जवळजवळ" चा मोह झाला होता काढायचा, चार तुकडे वाचतात, पण ती शास्त्रज्ञ आहे आणि तिने मुद्दाम अंदाजे आकडा सांगितलाय, आपण तो नक्की करून टाकायचा नाही. तर "दीडेक". "आता दीडेक किलोमीटर मागे गेलाय." बारा तुकडे. एकूण सत्तावीस.

आता बसवून बघू. पहिलं वाक्य १२:०५.३० ला सुरू, पंधरा तुकड्यांना २.७ सेकंद, १२:०८.०३ ला संपतं. "खडकाशी" हा शब्द दहा तुकड्यांनंतर येतो, म्हणजे १२:०७.१० च्या आसपास, आणि १२:०७ ला पडद्यावर खडक आलेला असतो. मग अर्ध्या सेकंदाचा पॉज, १२:०८.६० ला दुसरं वाक्य, १२:१०.७८ ला संपतं, बाई १२:१०.९० ला. बसलं. "खडकापर्यंत" ठेवलं असतं तरी कदाचित ओढून-ताणून बसलं असतं, पण मग पॉज गेला असता आणि त्या पॉजमध्येच तिचा सगळा परिणाम आहे.

मराठी वाक्य नेहमीच लांब होतं का?

नाही, आणि हे समजून घेण्यासारखं आहे. सबटायटलमध्ये जिथे आकडे आणि शॉर्टफॉर्म आहेत तिथे बोलताना ते फुगतात. १९८७ लिहायला चार आकडे, पण "एकोणीसशे सत्त्याऐंशी" बोलायला आठ तुकडे, जवळपास दीड सेकंद गेला. "किमी", "डॉ.", "उदा." सगळ्यांचं तेच. म्हणून माझा नियम असा की डबिंग स्क्रिप्टमध्ये एकही आकडा आकड्यात ठेवायचा नाही, सगळे अक्षरात, आणि ते अक्षरात केल्यावरच तुकडे मोजायचे. याने दुसराही फायदा होतो, आर्टिस्ट माइकसमोर आकडा वाचताना अडखळत नाही.

पण उलटही होतं. ८,००,००० हा आकडा लिहायला लांबलचक पण "आठ लाख" म्हणजे दोनच तुकडे. दीड, अडीच, साडेतीन, पाऊण, सव्वा हे शब्द तर देणगी आहे, दुसऱ्या भाषेत दशांशात सांगायला जो वेळ लागतो तो इथे वाचतो आणि तोच वेळ पुढच्या अवघड शब्दाला देता येतो.

बोली रूपांनीही जागा मिळते, "केलं आहे" चं "केलंय", "येत आहेत" चं "येतायत". फक्त हे मुलाखतीत करा. नॅरेटरच्या तोंडी एका वाक्यात "गेलाय" आणि पुढच्यात "गेला आहे" आलं तर कानाला लगेच कळतं की जागा नव्हती म्हणून कापलंय. नॅरेटरची भाषा आधी ठरवा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

माझ्याकडे उलटा प्रॉब्लेम आहे, मराठी संपतं आणि मूळ माणूस अजून बोलतोच आहे.

हे सबटायटलवरून काम केलं की होतंच. सबटायटल म्हणजे संक्षेप असतो, वाचायला वेळ मिळावा म्हणून उदाहरणं, पुनरुक्ती, एखादं विशेषण, अर्धं वाक्यसुद्धा गाळलेलं असतं. अशा जागी सबटायटलचं मराठी ताणून लांब करू नका, "म्हणजे बघा", "खरं सांगायचं तर" असली भरती तर अजिबात नको, कारण ते त्या माणसाने म्हटलेलंच नसतं. मूळ ट्रान्सक्रिप्ट मागवा आणि त्याने जे खरंच म्हटलंय ते परत आणा. बऱ्याचदा गाळलेलं उदाहरणच सगळ्यात छान असतं. ट्रान्सक्रिप्ट मिळत नसेल तर ती भाषा येणाऱ्या माणसाकडून निदान तेवढ्या जागा ऐकवून घ्या. मी तर म्हणेन की इन-आउट मार्क करतानाच जिथे आवाज लांब आणि सबटायटल छोटं दिसतं तिथे खूण करून ठेवायची, शेवटी एकत्र विचारता येतं.

नॅरेशनमध्ये तर ओठ दिसत नाहीत, तिथे काय बघायचं?

चित्र बघायचं. नॅरेशनचा मूळ आवाज सहसा पूर्ण काढलेला असतो, खाली फक्त संगीत आणि इफेक्टचा ट्रॅक असतो, त्यामुळे अर्धा सेकंद इकडेतिकडे झाला तर कोणाला कळत नाही. पण शब्द आणि चित्र यांची गाठ चुकली तर कळतं.

आपली क्रिया शेवटी येते आणि विशेषणांची लांब माळ नामाच्या आधी येते, त्यामुळे इथे नेहमी गडबड होते. समजा ड्रिलमधून बर्फाची कांडी वर येताना दिसतेय आणि मूळ नॅरेटर नेमकं तेव्हाच तिचं नाव घेतो, मग तिच्याबद्दल माहिती सांगतो. सबटायटलमध्ये भाषांतर असं असतं: "आठ लाख वर्षांपूर्वीची हवा अडकलेली बर्फाची कांडी या भोकातून वर येते." वाचताना काही बिघडत नाही, डोळ्यांना सगळी ओळ एकदम दिसते. पण ऐकताना "बर्फाची कांडी" हे शब्द येईपर्यंत दोन सेकंदांहून जास्त गेले, तोवर शॉट बदललासुद्धा, आणि कांडी दिसत असताना कान "आठ लाख वर्षांपूर्वीची हवा" ऐकत होता.

यावर मराठीतलाच उपाय आहे, जो-तो ची रचना. "ही ती बर्फाची कांडी, जिच्यात आठ लाख वर्षांपूर्वीची हवा अडकली आहे." नाव आधी आलं, माहिती मागून आली, आणि ऐकायला उलट जास्त गोष्ट सांगितल्यासारखं वाटतं. वर येते वगैरे सांगायची गरजच नाही, ते दिसतंय. नॅरेशनच्या प्रत्येक परिच्छेदात असे एक-दोन शब्द असतात जे ठरावीक चित्रावर पडलेच पाहिजेत, मी त्यांना स्क्रिप्टमध्ये अधोरेखित करते आणि शेजारी टाइम लिहिते, बाकीचं वाक्य त्यांच्याभोवती हलवते.

डॉक्युमेंटरीत लिप सिंक लागतोच का कधी?

नाट्यरूपांतराचे सीन असतील तर लागतो, आणि कधी कधी क्लायंटला मुलाखतीपण लिप सिंकमध्ये हव्या असतात. तेव्हा मूळ आवाजाच्या इनवरच सुरू आणि आउटवरच बंद, आणि क्लोजअपमध्ये ओठ मिटतात तिथे शक्य तर प, फ, ब, भ, म यांपैकी काहीतरी पडेल असं बघायचं. सगळीकडे जमत नाही, वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटी जमलं तर बहुतेक वेळा पुरतं.

एसआरटीमध्ये पाट्यांचं भाषांतरपण आहे, तेही वाचायचं का?

नाही. जागेचं नाव, पाटी, माणसाचं नाव आणि हुद्दा, ग्राफिकवरचे शब्द, हे सबटायटल फाइलमध्ये संवादांसारखेच क्रमांक घेऊन बसलेले असतात. ते पहिल्याच फेरीत वेगळे काढा आणि पडद्यावर लिहायच्या मजकुराच्या यादीत टाका, नाहीतर आर्टिस्ट ते मन लावून वाचतो. हो, पण पाटीमुळे जवळचा संवाद आखडून लिहिलेला असू शकतो, तेवढं बघा.

स्क्रिप्ट कशी द्यायची?

साधा तक्ता पुरतो: इन, आउट, कोण बोलतंय, मजकूर, आणि सूचना. वरच्या उदाहरणाची नोंद मी अशी देते:

```
00:12:05:08 | 00:12:08:01 | संशोधक | पहिल्यांदा आलो तेव्हा बर्फ त्या खडकाशी होता. | 12:07 कट: "खडकाशी"
00:12:08:15 | 00:12:10:19 | संशोधक | आता दीडेक किलोमीटर मागे गेलाय. | आधी श्वास, शांत
```

इथे शेवटचे दोन आकडे फ्रेम आहेत, २५ च्या हिशोबाने. आणि रेकॉर्डिंगसाठी पडद्यावर टाइमकोड छापलेला व्हिडिओ द्या, सगळ्यांचं भांडण वाचतं:

```
ffmpeg -i doc.mp4 -vf "drawtext=timecode='00\:00\:00\:00':rate=25:fontsize=36:fontcolor=white:x=20:y=20" -c:a copy doc_tc.mp4
```

`rate` मध्ये तुमच्या व्हिडिओचा रेट टाका. फाइल सेव्ह करताना यूटीएफ-८ मध्येच करा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उघडतात.

थोडं जास्त झालं तर रेकॉर्ड केल्यावर आवाज फास्ट करून बसवता येतो ना?

येतो, पण थोडासाच. माझ्या कानाला तीन-चार टक्क्यांपर्यंत कळत नाही, पाचच्या पुढे गेलं की स्वर आखूड व्हायला लागतात आणि माणूस अस्वस्थ वाटायला लागतो, मुलाखतीत तर लगेच. चार सेकंदांच्या वाक्यात पाच टक्के म्हणजे ०.२ सेकंद मिळाला, एवढ्यासाठी आवाज बिघडवण्यापेक्षा एक शब्द बदला. मी हे फक्त शेवटच्या मिक्सला, आर्टिस्टला परत बोलावणं शक्य नसेल तेव्हा वापरू देते.

स्टुडिओत जायच्या आधी बसलंय की नाही हे कसं कळणार?

स्वतः वाचून. तुकडे मोजणं हा अंदाज आहे, जोडाक्षरं जास्त असलेलं वाक्य तेवढ्याच तुकड्यांत जास्त वेळ खातं, परदेशी नावं तर जीभच अडवतात. म्हणून मी पूर्ण स्क्रिप्ट चित्रासमोर बसून मोठ्याने वाचते आणि फोनवर रेकॉर्ड करते, मग तो आवाज टाइमलाइनवर टाकून एकदा सलग बघते. मनात वाचून चालत नाही, मनात आपण फार फास्ट वाचतो.

बघताना मी दोनच गोष्टी शोधते. कुठे मला श्वास घ्यायला जागा मिळाली नाही, आणि कुठे मी शब्द ऐकताना चित्राकडे बघायचं विसरले. पहिली आली तर वाक्य लांब आहे. दुसरी आली तर बहुतेक शब्द चुकीच्या शॉटवर पडलाय, वेळ बरोबर असूनही. या जागा दुरुस्त करून तेवढ्याच भागांचा आवाज परत रेकॉर्ड करते आणि मगच स्क्रिप्ट पाठवते. पन्नास मिनिटांच्या फिल्मला यात माझा एक पूर्ण दिवस जातो, आणि स्टुडिओत आर्टिस्ट माइकसमोर उभा असताना वाक्यं बदलत बसावं लागत नाही.